कॉलरआक्काची कंबर

शर्ट शिवायच्या कारखान्यात आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडतं. एरवी कफ शिवते ती कफवाली, खिसे लावते ती खिसेवाली, आणि बटणं लावणारा लंबूटांग माणूस अगदी साहेबांच्या तोंडीसुद्धा बटण. ही बाई कॉलर लावायची, वयाने लाइनीतल्या सगळ्यांत मोठी, म्हणून ती कॉलरआक्का.

कॉलरचं काम म्हणजे खायचं काम नव्हे. बाकीचा शर्ट वाकडातिकडा झाला तर पँटीत खोचून खपून जातो, कॉलर मात्र चारचौघांत दिसते. आक्काची कॉलर कधी परत आली नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आक्का कधी उठली नाही. लाइनीत एक बाई उठली की पुढचीच्या हाताला काम राहत नाही आणि मागून आलेल्या तुकड्यांचा ढीग लागतो. सगळ्या लाइनीला मिळून बाथरूमचा पास एकच. प्लास्टिकचा लाल तुकडा, सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेला. तो उचलला की सुपरवायझर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. बोलायचा काही नाही. बोलला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

आक्काने त्यावर आपला उपाय काढला होता. पाणी प्यायचंच नाही. सकाळी घरून निघताना एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा, आणि मग एकदम घरी. नव्या पोरी विचारायच्या, "आक्का, पोटात टाकी बसवली आहेस का गं?"

"टाकी नाही गं, कुलूप आहे. किल्ली घरी ठेवून येते."

पोरी हसायच्या आणि आक्का सुई न थांबवता हसायची. तिला त्याचा अभिमान होता. असल्या गोष्टीचा कुणी अभिमान धरावा का, हे विचारायला तुमचं काय जातं? नवरा मुलगी रांगत असतानाच गेला. त्या बिनपाठीच्या स्टुलावर बसून आक्काने मुलगी वाढवली, शिकवली, मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी केली. दुसऱ्या बायका स्टुलावर बसायच्या, आक्का त्यावर उभी होती म्हणा ना. ते स्टूल सुटलं की दारात दुसरी बाई तयार असते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि कंबर धरली ती नेमकी त्याच स्टुलाजवळ. तुकड्यांचा गठ्ठा खालून उचलायला वाकली, आणि अशी कळ आली की गठ्ठा तिथेच आणि आक्का तिथेच. बटणाने तिला हाताला धरून सरळ केलं. पुढचे दिवस तिने स्टुलावर तिरकी बसून काढले. रात्री कूस बदलायची तर आधी देवाचं नाव घ्यायला लागायचं. मुलगी म्हणाली, "आता एमआरआय काढायचा. बास. दुकानातल्या बाईंनी काढला, त्यांच्या मणक्यातल्या गादीला सूज निघाली. तुझं काय निघतं ते बघू तरी."

"निघायचं ते निघेल. आधी डॉक्टरांना विचारू."

"त्या नकोडॉक्टरांना?"

वस्तीतले डॉक्टर म्हणजे नकोडॉक्टर. इंजेक्शन द्या म्हटलं की नको, सलाइन लावा म्हटलं की नको, टॉनिक लिहून द्या म्हटलं की नको. ज्यांना काहीतरी टोचून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही ते दोन गल्ल्या पलीकडे जायचे. आक्का मात्र त्यांचीच. मुलीच्या गोवरात ते घरी येऊन बसले होते, ते ती विसरली नव्हती.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोकांनी त्यांना बरंच काही म्हटलं. त्यांनी विचारलं, पडलात का कुठे? ताप येतो का? नकळत वजन उतरलं का? कधी कॅन्सरचा आजार झाला होता? दम्याबिम्याच्या कडक गोळ्या फार दिवस घेतल्यात का? आडवं पडल्यावर दुखणं वाढतं की कमी होतं? आक्काने सगळ्याला नाही म्हटलं, आणि आडवं पडलं की बरं वाटतं म्हणाली. त्यांनी तिला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर आणि टाचेमागे रबराची हातोडी मारली. मग म्हणाले, "पायात ताकद उत्तम आहे. लघवीवर, शौचावर ताबा आहे ना?"

"एकदम पक्का," आक्का म्हणाली, आणि खरं तर तिला हसू आलं. या बाबतीत तिच्याइतका ताबा अख्ख्या कारखान्यात कुणाचा नव्हता.

"मग फोटो नको," डॉक्टर म्हणाले.

मुलगी खवळली. "का नको? पैसे आमचे, कंबर आमची."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी मुलीला बसायला खुर्ची पुढे केली. "हे बघ बाळ. उद्या मी रस्त्यावरून तुझ्या आईच्या वयाच्या दहा धडधाकट बायका आणल्या, ज्यांची कंबर कधी दुखली नाही, आणि त्यांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त जणींच्या गाद्या कुठे ना कुठे झिजलेल्या, पुढे आलेल्या दिसतील. केस पिकतात तसं आहे ते. आता तुझ्या आईच्या फोटोत तसंच काहीतरी दिसणार. ते दिसलं की ती घाबरणार, वाकायची बंद होणार, अंथरूण धरणार, आणि कंबर आणखी आखडणार. मग कुणीतरी म्हणेल मणक्यात सुई देऊ, कुणी म्हणेल कापू. आणि एवढं करून उपचार बदलणार आहे का? नाही. फोटो असो नसो, गोळी तीच, शेक तोच, हिंडणं-फिरणं तेच. असली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपली आपण उतरतात."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर फोटो काढू. आणि काही खुणा आहेत, त्या दिसल्या तर थांबायचंसुद्धा नाही, त्याच दिवशी यायचं. पायातली ताकद गेली, ताप आला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला. मग मीच धावत पाठवीन फोटोला."

आक्काने मान डोलावली. घरी जाताना मुलगी दोन पावलं पुढेच चालत राहिली. आक्काच म्हणाली, "तो माणूस उगीच नको म्हणत नाही."

आणि डॉक्टरांचं खरं झालं की हो. महिना उलटायच्या आत आक्का सरळ बसायला लागली. शेकायची, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायची, आणि येताना मुलीला मुद्दाम ऐकवायची, "बघ, फोटोशिवाय चालते आहे." मुलगी तोंड वेडावून दाखवायची. घरात हसणं परत आलं होतं.

त्यानंतर मोठी ऑर्डर आली आणि जादा काम सुरू झालं. कंबर पुन्हा बोलायला लागली, पण या वेळी दुखणं कमरेत कमी आणि पायांत जास्त. आधी डावा, मग दोन्ही. मांडीच्या मागून पार पोटरीपर्यंत ओढ लागायची. आक्काने कफवालीला सांगितलं, तर कफवाली म्हणाली, "माझे कुठे दुखत नाहीत? मशीनचं पेडल दाबून दाबून सगळ्यांचे पाय असेच." बसायच्या जागेला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही थांबल्या आणि नुसतं लाकूड झालं. त्या स्टुलावर बसून कुणाचं लाकूड झालं नव्हतं? उठताना प्रत्येक बाई ढुंगण चोळतच उठायची आणि त्यावर विनोद चालायचे. आक्कानेही आपलं चोळलं.

आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी बाथरूमच्या रांगेत असताना आक्का डबा उघडून बसलेलीच राहिली.

"आक्का, यायचं नाही का?"

"मला नाही लागली."

"सकाळपासून?"

"हल्ली लागतच नाही गं. देवाने कुलुपाची किल्ली स्वतःकडेच ठेवून घेतली. जादा कामाच्या दिवसांत त्याची एवढी तरी दया."

सगळ्या हसल्या. त्यातली एक तर म्हणाली, मला पण असं होऊ दे रे देवा. अहो, काय मागत होती ती पोर! पण तिचं तरी काय चुकलं? जिथे लघवीला जायचं म्हणजे गुन्हा, तिथे लघवी न लागणं हा आशीर्वादच वाटणार. घरी गेल्यावर आक्का सवयीने जाऊन बसायची. बसून राहायची. पोटावर दाबलं की थोडी थोडी यायची, धार अशी नव्हतीच. पाणी कमी पिते म्हणून असेल, असं ती स्वतःलाच सांगायची.

डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा तिला पाठ होत्या, बरं का. तिने त्या मनात तपासल्याही. पायातली ताकद? चालते आहे की. ताप? नाही. बधिरपणा? तो स्टुलाचा. आणि ताबा? ताबा तर असा की कधी नव्हता. डॉक्टरांकडे जावं असं दोनदा तिच्या मनात आलं. पण गेलं की मुलगी पुन्हा एमआरआयचं टुमणं लावणार, आणि सुट्टी घेतली तर स्टुलावर दुसरी बसणार. "काही आठवड्यांत उतरतं," हे डॉक्टरांचंच वाक्य ती धरून बसली.

मग एका सकाळी कॉलरचा गठ्ठा घ्यायला ती उठली आणि तिला पायावर काहीतरी ओलं दिसलं. जाणवलं नाही, दिसलं. हे तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं, की कळलंच नाही, खाली बघितलं म्हणून दिसलं. तिने पाण्याची बाटली सांडल्याचं सोंग केलं. त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा मधेच लाल पास उचलला, आणि बाथरूममध्ये जाऊन साडीचा काठ पिळला. सुपरवायझर घड्याळाकडे बघत होता.

तिने जुन्या चादरीच्या घड्या लावायला सुरुवात केली. मुलगी उठायच्या आधी त्या धुऊन, साड्यांच्या आड वाळत घालायची. कुणाला सांगणार? ज्या लेकीला आपण आयुष्यभर ताठ मानेने दिसलो, तिला जाऊन सांगायचं की बाई, तुझी आई कपडे भिजवते? मुलीला कळलं ते वासाने. तिने आईची चप्पल आईच्या पुढ्यात ठेवली आणि रिक्षा आणायला गेली.

मुलीने कपड्यांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी या वेळी पहिलाच प्रश्न विचारला आणि आक्काचं उत्तर ऐकून त्यांचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी विचारलं होतं, "लघवी लागल्याची जाणीव शेवटची कधी झाली होती?"

आक्का आठवायला लागली. आठवता आठवता तिचा चेहरा बदलत गेला. "जादा काम सुरू झालं तेव्हापासून... नाही, डॉक्टर. नाहीच झाली. मला वाटलं चांगलं आहे."

डॉक्टरांनी नर्सबाईंना आत बोलावलं, पडदा ओढला. कापसाने मांडीच्या आतून, बसायच्या जागेवर शिवत गेले. "इथे कळतं? इथे?" आक्का डोळे मिटून वाट बघत होती, कापूस कधी लागतो त्याची. तो लागून गेला होता. टाचेमागची हातोडी मारली तर पाऊल हललं नाही. ओटीपोटावर हात ठेवला तर ते गच्च भरलेलं. चवड्यावर उभी राहायला सांगितलं तर टाच उचलेना.

"एमआरआय आज. आत्ता. मोठ्या हॉस्पिटलला मी फोन करतो," डॉक्टर म्हणाले, आणि मुलीकडे बघून सांगितलं, "गादी मधोमध सरकून खालच्या सगळ्या नसांच्या जुडग्यावर बसली आहे बहुतेक. याच नसा लघवीला, शौचाला, बसायच्या जागेला जातात. यात उशीर चालत नाही."

"आता उशीर चालत नाही," मुलगी म्हणाली.

हॉस्पिटलमध्ये लघवीची नळी घातल्याबरोबर पिशवी भरत गेली, भरतच गेली, आणि आक्काला त्यातलं काही जाणवत नव्हतं. फोटोत डॉक्टर म्हणाले तेच निघालं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन भला माणूस होता, लपवाछपवी त्याला जमत नव्हती. म्हणाला, "पाय सुधारतील. लघवीचं सांगता येत नाही. आधी आणलं असतं, लागणं कमी झालं तेव्हाच, तर आशा जास्त होती."

पाय सुधारले. आक्का आधी वॉकरने, मग काठीने, मग भिंतीला हात लावून चालायला लागली. लघवीचं झालं नाही. नर्सबाईंनी तिला स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं. ठरावीक वेळाने, दिवसभर, लागो न लागो. लागायचा तर प्रश्नच नव्हता. कारखान्यातून कफवाली भेटायला आली, आणि स्टुलावर कोण बसतं ते तिने सांगितलं नाही आणि आक्कानेही विचारलं नाही. दिवसातून इतक्या वेळा पास उचलणाऱ्या बाईला लाइनीत कोण ठेवणार?

नकोडॉक्टर घरी आले होते. मुलीने त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तेव्हाच फोटो काढला असता तर?"

"तर गादी थोडी पुढे आलेली दिसली असती कदाचित. तेव्हा कुठलीच नस मेली नव्हती, मी स्वतः तपासलं होतं. त्या फोटोवर कुणी ऑपरेशन केलं नसतं, आणि करूही नये. माझं चुकलं ते फोटोत नाही." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी म्हटलं, ताबा सुटला तर या. तो सुटतो शेवटी. आधी लागणंच बंद होतं, धार बारीक होते, जोर करावा लागतो. ते मी सांगितलं नाही. आणि तुमचं काम काय आहे, तिथे कसं बसता, कसं थांबवून धरता, हे मी विचारलंच नाही."

आक्का म्हणाली, "तुम्ही विचारलंत, मी पक्का आहे म्हटलं. हसत हसत म्हटलं." आणि मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अगदी लहान मुलासारखी, हुंदके देत. मुलगी तिच्याजवळ बसली, पण डॉक्टरांना बसा म्हणाली नाही.

वर्ष सरलं असेल. आईला उठवता-बसवता, दुकानात दिवसभर उभं राहता राहता एका सकाळी मुलीची कंबर धरली. बादली उचलायला वाकली आणि तिथेच खिळली. तिचा तो पांढरा पडलेला चेहरा बघून आक्काने पायात चप्पल सरकवली.

या वेळी आक्काच पुढे. दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "डॉक्टर, हिचा एमआरआय काढा. मी हात जोडते. नको म्हणू नका."

डॉक्टर म्हातारे दिसायला लागले होते. त्यांनी आक्काला बसवलं, आणि मुलीला तपासायला घेतलं. पहिल्यासारखंच सगळं, टाचा, चवडे, हातोडी, आणि या वेळी कापूससुद्धा. मग समोर बसले आणि सावकाश विचारायला लागले. दुकानात बाथरूमला जाता येतं का? थांबवून धरावं लागतं का? लघवी लागली की आपोआप कळतं ना, नेहमीसारखं? सुरू व्हायला जोर करावा लागतो का? धार तशीच आहे? झाल्यावर पुसताना हाताचा स्पर्श कळतो का? दोन्ही पायांत ओढ? मुलगी लाजली नाही. एकेकाचं सरळ उत्तर देत गेली. आक्का बाजूला बसून प्रत्येक प्रश्न ऐकत होती, आणि प्रत्येकाला मनात आपलं उत्तर देत होती. त्या जादा कामाच्या दिवसांतलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग ते आक्काकडे वळले. त्यांना ते बोलणं जड जात होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

"आक्का, फोटो नको," ते म्हणाले. "हिला काहीच धोक्याचं नाही. काढला तर तुमच्या समाधानासाठी काढेन, हिच्यासाठी नाही. यातली एक गोष्ट जरी बदलली, रात्री-बेरात्री, तरी थेट हॉस्पिटल. मला विचारायलासुद्धा थांबू नका."

मुलगी आईकडे बघत होती, कारण आता आई म्हणेल ते खरं. आक्काने मुलीच्या हातावर हात ठेवला. तिला ओरडून म्हणायचं होतं, काढा, मला काही ऐकायचं नाही. पण तिने आत्ताच सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

"नको तर नको," आक्का म्हणाली. "चल."

बाहेर बाकाजवळ आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, दोन मिनिटं बस. मी जरा जाऊन येते. मघापासून लागली आहे."

"जा, जा, लवकर जा," आक्का म्हणाली आणि मुलीची पर्स मांडीवर घेऊन बसली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आक्काने डोळे मिटले आणि आठवून बघितलं, लघवी लागते म्हणजे नेमकं कसं वाटतं. तिने पोटावर हात ठेवला, पुन्हा आठवून बघितलं. तिला काही केल्या आठवेना.